वेबसाइट बिल्डरच्या अटी वाचताना: मजकूर कोणाचा, डिझाइन कोणाचं?

माझ्या एका मैत्रिणीने मातीची भांडी शिकवण्याच्या वर्गासाठी वेबसाइट बिल्डरवर साइट उभी केली होती. चार वर्षांनी तिला ती दुसरीकडे हलवायची होती. मजकूर तिचा, फोटो बहुतेक तिचेच, रंग नि रचना जुळवण्यात कित्येक रात्री गेलेल्या. हलवताना कळलं की मजकूर नेता येतो, पानांची रचना येत नाही, आणि वरच्या पट्ट्यातले तीन मोठे फोटो तर तिला वापरताच येणार नाहीत. हे सगळं अटींमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. आम्ही दोघींनी ते बसून वाचलं, त्यातून ही पद्धत सुचली.

सगळे कागद एका जागी आणा

‘सेवा अटी’ या पानावर सगळं असतं असं समजू नका. त्यातूनच लिंकने जोडलेले टेम्प्लेटचा परवाना, तयार फोटोंचा परवाना, लोगो बनवणाऱ्या साधनाच्या अटी आणि डोमेनचा करार असे वेगळे दस्तऐवज असतात. प्रत्येक पान उघडून पीडीएफ करून ठेवा आणि फाइलच्या नावात तारीख टाका. अटी बदलत असतात, आणि पुढे वाद झाला तर त्या दिवशी काय लिहिलं होतं हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी हवं.

आधी व्याख्या, मग मालकी

इंग्रजी अटींमध्ये वाक्याच्या मधोमध मोठ्या अक्षराने सुरू होणारा शब्द दिसला, उदाहरणार्थ `User Content`, तर त्याची व्याख्या कुठेतरी दिलेली असते. पानावर शोधताना `means` टाकलं की ती बहुधा सापडते. ती शांतपणे वाचा. ‘तुम्ही अपलोड केलेला मजकूर, चित्रं आणि इतर साहित्य’ एवढंच असेल तर तुम्ही निवडलेली मांडणी त्यात येत नाही, कारण मांडणी तुम्ही अपलोड केलेली नाही, त्यांच्या साधनाने घडवली आहे.

मग `own` शोधा. ‘तुमच्या साहित्याची मालकी तुमचीच राहते’ अशा अर्थाचं वाक्य मिळेल. बरेच जण तिथे थांबतात. खरी गोष्ट त्याच्या पुढच्या वाक्यात असते, जिथे तुम्ही कंपनीला परवाना देता. त्यात `worldwide` आणि `royalty-free` दिसले तर घाबरू नका. सर्व्हर अनेक देशांत असतात आणि तुमचा फोटो दाखवल्याबद्दल कंपनी तुम्हाला मानधन देणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. `modify` हा शब्दही बहुतेकदा साधा असतो, कारण फोटो लहान-मोठा करणं हाही बदलच. `non-exclusive` तर तुमच्या बाजूचाच आहे: तेच साहित्य तुम्ही इतरांनाही देऊ शकता.

माझ्या मते निर्णायक तुकडा म्हणजे हेतू. परवाना ‘फक्त सेवा पुरवण्यासाठी’ आहे, की ‘प्रचारासाठी’ किंवा ‘कोणत्याही हेतूने’? पहिला ठीक आहे. दुसऱ्यात तुमच्या साइटचा स्क्रीनशॉट त्यांच्या जाहिरातीत दिसू शकतो. काही बिल्डर ते नाकारण्याची सोय देतात, म्हणून तीही शोधा. सोबत `perpetual` किंवा `irrevocable` असेल, तर तुम्ही साइट बंद केल्यावरही परवाना संपत नाही.

एका शब्दाने आम्ही दोघी दचकलो होतो: `assign`. ‘तुम्ही आपले हक्क कंपनीला देता’ असं वाक्य असेल तर ते खरोखर मालकीचं हस्तांतर आहे आणि तिथे थांबायला हवं. पण तोच शब्द शेवटाकडच्या कलमात ‘कंपनी हा करार दुसऱ्या कंपनीकडे सोपवू शकते’ अशा अर्थानेही येतो. तो तुमच्या फोटोंबद्दल नसतो. कोण काय कोणाला देतंय, हे वाक्यातून शोधलं की फरक कळतो.

डिझाइनचं कलम

आता `template` आणि `theme` शोधा. इथे जवळजवळ सगळीकडे एकच सूर असतो: टेम्प्लेट त्यांचं, तुम्हाला फक्त वापरायचा परवाना, तोही त्यांच्या सेवेवर असेपर्यंत. तुम्ही त्यावर लिहिलेलं सीएसएस, म्हणजे रंग नि मांडणी ठरवणारा कोड, तुमचं असलं, तरी ते त्यांच्या पानांतल्या घटकांच्या नावांवर टेकलेलं असतं. दुसऱ्या ठिकाणी ती नावं नाहीत, म्हणजे कोड नेऊनही उपयोग होत नाही.

बिल्डरागणिक फरक मोठा आहे. वेबफ्लोच्या काही सशुल्क योजनांत पानांचा कोड बाहेर काढता येतो, पण त्यांच्या सर्व्हरवर अवलंबून असलेले फॉर्म बाहेर आल्यावर चालत नाहीत. स्क्वेअरस्पेस मजकुराचा काही भाग वर्डप्रेसला समजेल अशा फाइलमध्ये देतं, डिझाइन देत नाही. विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही. याउलट वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्याचं असल्याने साइट एका होस्टवरून दुसऱ्यावर जाते. टेम्प्लेट आवडलं म्हणून बिल्डर निवडण्याआधी हे एवढं तरी बघाच.

साइट दुसऱ्या कोणाकडून करून घेतली असेल तर त्या व्यक्तीशी झालेला लेखी करारही काढा. त्यातले हक्क बिल्डरच्या अटी ठरवत नाहीत.

बिल्डरच्या लायब्ररीतले फोटो

मैत्रीण इथेच अडकली. ते तीन फोटो बिल्डरच्या संग्रहातले होते आणि परवान्यात ‘केवळ आमच्या सेवेवर बांधलेल्या साइटसाठी’ असं लिहिलं होतं. ते डाउनलोड करता येत होते, पण डाउनलोड झाला म्हणजे हक्क मिळाला असं नसतं. तुमच्या साइटवरचं प्रत्येक चित्र घेऊन ‘हे कुठून आलं’ असं लिहिलेली यादी बनवा. कंटाळवाणं काम आहे, पण ते सुरुवातीलाच केलं तर दहा मिनिटांत होतं. चार वर्षांनी आठवत नाही.

बाहेर काढून बघा

मालकी कागदावर असून फाइल हातात येत नसेल तर तिचा फार उपयोग नाही. म्हणून वर्गणी चालू असतानाच साइट एक्स्पोर्ट करा, आलेली फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि चित्रांचा पत्ता बघा. मैत्रिणीच्या फाइलमध्ये असं होतं:

```
<img src="https://cdn.example.com/p/vati-12.jpg">
```

(पत्ता बदलून दिला आहे.) फोटो फाइलमध्ये नव्हताच, होती ती बिल्डरच्या सर्व्हरवरची लिंक. खातं बंद झालं असतं तर नव्या साइटवर सगळी चित्रं रिकाम्या चौकटी झाली असती. नवी साइट तपासताना चित्रं दिसतात म्हणून हे लक्षातही येत नाही. ती जुन्या सर्व्हरवरून येत असतात.

मग `terminat` एवढंच टाकून शोधा, म्हणजे त्याची सगळी रूपं सापडतात. वर्गणी थकली तर साहित्य किती दिवस ठेवलं जातं, आधी सूचना येते का, खातं बंद झाल्यावर एक्स्पोर्ट करता येतं का, हे तीन प्रश्न घेऊन ते कलम वाचा. मुदत दिलेलीच नसेल तर ‘लगेच’ असं धरून चाला.

डोमेनचं एकच बघा: नोंदणीत धारक म्हणून तुमचं नाव आहे की दुसऱ्याचं, आणि हस्तांतराचा कोड तुम्हाला खात्यातून स्वतः घेता येतो का.

मैत्रिणीने सगळे फोटो मूळ कॅमेऱ्यातून पुन्हा गोळा केले, त्या तीन फोटोंच्या जागी स्वतःच्या चाकावर फिरणाऱ्या मातीचे नवे काढले, आणि ते नव्या साइटवर चढल्यावरच जुनं खातं बंद केलं.