तीस दिवस, रोज पाच ओळी: लिहायला बसण्याची सवय आणि सुटलेल्या दिवसांचा नियम

रोज लिहायचा संकल्प मोडतो तो बहुतेक वेळा पहिला दिवस चुकल्यावर नाही, तर चुकलेला दिवस भरून काढायच्या नादात. म्हणून महिन्याचा आराखडा करताना सुटलेल्या दिवसांचा नियम आधीच ठरवून घ्यावा.

एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायचं आव्हान १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालं आणि पुढे जगभर पसरलं. त्यात रोजचे साधारण १६६७ शब्द होतात. नवशिक्याने या मापाच्या वाटेला जाऊ नये. आपलं माप ओळीचं. रेघांच्या साध्या वहीत एका ओळीत सात-आठ शब्द बसतात, म्हणजे पाच ओळी चाळीसेक शब्दांच्या. ताप असला, पाहुणे असले तरी तेवढं होतं.

पहिले सात दिवस रोज पाच ओळी. आठव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत दहा ओळी. पंधराव्यापासून एकविसाव्यापर्यंत वीस, म्हणजे जवळजवळ एक पान. उरलेल्या नऊ दिवसांचं काम वेगळं आहे, ते शेवटी सांगते. आणि उद्दिष्ट तीस दिवसांचं नाही, पंचवीस दिवसांचं. पाच दिवस सुटणार हे धरूनच चालायचं.

वेळ घड्याळाला नाही, रोजच्या एखाद्या कामाला बांधा. मी सकाळचा चहा संपला की कप बाजूला सारून त्याच जागी वही उघडते. ‘रात्री निवांत लिहू’ म्हटलं की झोप जिंकते.

विषय मुठीत मावेल एवढा घ्या. ‘पावसाळा’ घेतला तर दोन ओळींत हिरवीगार सृष्टी येते आणि पेन थांबतं. तिसऱ्या ओळीला सुचेनासं झालं, की विषय मोठा झाला असं समजा. माझ्या चौथ्या दिवसाच्या पाच ओळी अशा होत्या:

‘शाळेतून येताना बूट भिजायचे. आई त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायची. रात्री ते बूट चुलीपासून हातभर लांब ठेवायची, जवळ ठेवले तर तळवा उकलतो म्हणून. सकाळी बोळे काढले की कागदाची शाई मोज्यांना लागायची. वर्गात पाय बाकाखाली ओढून बसायचे.’

यात सुंदर वाक्य एकही नाही, पण पाचही ओळी भरल्या. उठण्याआधी उद्याच्या पानावर विषयाचे दोन-तीन शब्द टाकून ठेवा, ‘मागचं दार, कडी’ एवढेच. सकाळी कोरं पान समोर येत नाही. आणि कालचं वाचू नका. कालचं वाचलं की खाडाखोड सुरू होते आणि आजच्या ओळी राहून जातात.

आता सुटलेल्या दिवसांचं. एक दिवस सुटला तर त्या तारखेपुढे फक्त आडवी रेघ मारा, कारण लिहू नका आणि दुसऱ्या दिवशी नेहमीएवढंच लिहा. सलग दोन किंवा जास्त दिवस सुटले, तर परतीच्या पहिल्या दिवशी पाच ओळी, दुसऱ्या दिवशी त्या आठवड्याच्या मापाच्या निम्म्या आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण. थकबाकी कधीच फेडायची नाही.

मी हे शिकले ते चुकून. पहिल्या खेपेला लेक तापाने आजारी होती आणि सोळा, सतरा, अठरा हे तीन दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी मी ऐंशी ओळींचा हिशोब मांडला, मागच्या साठ आणि त्या दिवशीच्या वीस. बसलेच नाही. विसाव्याला शंभर झाल्या आणि वही कपाटात गेली. पुढच्या खेपेला लग्नघरात पुन्हा तीन दिवस सुटले. तेव्हा पाच, दहा, वीस अशी परतले आणि महिना अखेर सव्वीस दिवस भरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी सवयींवर केलेल्या अभ्यासातही एखादा दिवस सुटल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडलेला दिसला नव्हता.

पंधराव्या दिवशी रेघा मोजा. पाचापेक्षा जास्त असतील तर माप आपल्याला झेपत नाही असा त्याचा अर्थ. मग महिनाभर पाचच ओळींवर राहा, पण पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करू नका.

बाविसाव्या दिवशी पहिल्यांदा आतापर्यंतची वही वाचायची. जिथे स्वतःलाच ‘मग पुढे काय झालं’ असं वाटेल त्या नोंदीवर खूण करा. उरलेले दिवस तीच एक नोंद वाढवायची, रोज दहा ओळी. मी बुटांची घेतली. चूल कुठे होती, बोळे कोणत्या वर्तमानपत्राचे, आई तेव्हा कितीची, असं करत तिसाव्या दिवशी साडेतीन पानं झाली. आणि मग लाल पेन हातात घेतलं.