फायनल इयरच्या डेमोसाठी कॉलेजच्या नेटवर्कवर पोर्ट उघडून मागायचा कसा?

मे महिना आला की कॉलेजच्या सर्व्हर रूमसमोर प्रोजेक्टवाल्या पोरांची गर्दी होते आणि मागणी एकच असते: "सर, तेवढा पोर्ट उघडून द्या की!" कुठला पोर्ट, कुठून कुठे आणि किती वेळ, हे कोणी सांगत नाही. सरांना मग नाही म्हणणंच सोपं पडतं. खाली एक उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे, त्यात आपले तपशील घालून घ्यावेत.

समजा, कोल्हापुरातल्या एका गटाने पंचगंगेच्या पाणीपातळीचा इशारा देणारं यंत्र बनवलं आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. सेमिनार हॉलमध्ये नदी कुठली आणणार, म्हणून काचेच्या टाकीवर त्याच खुणा प्रमाणात काढल्या आहेत. वर अल्ट्रासॉनिक सेन्सर, त्याला नोडएमसीयूचा ईएसपी८२६६ बोर्ड. बोर्ड वाय-फायवरून भाड्याच्या क्लाऊड सर्व्हरवरच्या एमक्यूटीटी ब्रोकरला आकडा पाठवतो. घरी सगळं चालतं, कॉलेजात बोर्ड गप्प.

आधी अडतंय कुठे ते बघा

अर्ज लिहिण्याआधी लॅपटॉप कॉलेजच्या वाय-फायला जोडून लॉगिन करा आणि पॉवरशेलमध्ये ही ओळ चालवा. पत्ता नमुन्याचा आहे, तिथे आपल्या सर्व्हरचा घाला.

```
Test-NetConnection 203.0.113.25 -Port 8883
```

शेवटी `TcpTestSucceeded : False` आलं, तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तीच ओळ पुन्हा चालवा. तिथे `True` आलं तर कॉलेजची फायरवॉल अडवते आहे. तिथेही `False` आलं, तर दोष बहुतेक आपल्याच सर्व्हरवर आहे: ब्रोकर बंद आहे किंवा क्लाऊडवाल्याच्या पॅनेलमध्ये पोर्ट उघडायचा राहिला आहे. हे न बघता सरांकडे गेलात तर ते पहिल्यांदा हेच विचारतील. दोन्ही निकालांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, अर्जाला जोडायचे आहेत.

दिशा ठरवा

आपला बोर्ड आतून बाहेर बोलतो, म्हणजे आपल्याला बाहेर जाणारी वाट हवी आहे. बाहेरून कॉलेजच्या आत येणारी वाट मागणं हा वेगळाच मामला आहे. त्यात इंटरनेटवरचा कोणीही आपल्या लॅपटॉपच्या दारात येऊ शकतो, आणि कुठलाही शहाणा ॲडमिन ती सहजी देणार नाही. परीक्षकांना आलेख दाखवायचा असेल तर ते पान लॅपटॉपवर न ठेवता त्याच क्लाऊड सर्व्हरवर एचटीटीपीएसने ठेवा. ४४३ पोर्ट जवळपास सगळीकडे उघडाच असतो, त्यामुळे त्यासाठी काही मागावं लागत नाही.

एमक्यूटीटीच्या १८८३ आणि ८८८३ या दोन पोर्टांपैकी ८८८३ मागा. १८८३ वर सगळं उघडं जातं, पासवर्डसुद्धा. ८८८३ वर टीएलएस असतं.

दुसरा पोर्ट, जो सगळे विसरतात

टीएलएसमध्ये बोर्ड सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो आणि त्यावरची मुदत आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. ईएसपी८२६६ ला स्वतःचं टिकणारं घड्याळ नाही. चालू झाला की तो १९७० सालात असतो. त्याला वेळ मिळते एनटीपीकडून, यूडीपी १२३ वरून. बऱ्याच कॉलेजांत हाही अडवलेला असतो. मग ८८८३ उघडूनही बोर्ड जोडला जात नाही आणि दोष सरांवर येतो. म्हणून अर्जातच लिहा: यूडीपी १२३ उघडावा किंवा कॉलेजच्या स्वतःच्या टाइम सर्व्हरचा पत्ता द्यावा. `setInsecure()` लिहून तपासणीच टाळणारे असतात. डेमो चालतो, पण बाहेरच्या परीक्षकांनी सुरक्षेबद्दल विचारलं की उत्तर उरत नाही.

बोर्डाची ओळख

कॉलेजच्या वाय-फायला जे लॉगिनचं पान येतं, ते बोर्डाला भरता येत नाही. म्हणून त्याचा मॅक पत्ता नोंदवून त्या पानातून सूट मागावी लागते. `WiFi.macAddress()` ने सिरियल मॉनिटरवर जो छापला जातो तोच द्या. बोर्ड स्वतः हॉटस्पॉट होतो तेव्हाचा पत्ता वेगळा असतो. हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झच असेल तर हेही आधीच कळायला हवं. चाचणीसाठी लॅपटॉपचा मॅकही त्याच नियमात घालून घ्या, आणि विंडोजमध्ये त्या वाय-फायसाठी रँडम हार्डवेअर ॲड्रेस बंद ठेवा, नाहीतर नोंदवलेला मॅक एक आणि प्रत्यक्षात दुसराच.

अर्ज

गाईड सरांची आणि एचओडींची सही घेऊन, डेमोच्या आठवडाभर आधी द्या.

> प्रति, नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर
> मार्फत: प्रोजेक्ट गाईड व विभागप्रमुख
>
> विषय: प्रोजेक्ट डेमोसाठी बाहेर जाणारा पोर्ट तात्पुरता उघडण्याबाबत
>
> महोदय,
> आमचा प्रोजेक्ट नदीच्या पाणीपातळीचा इशारा देणारा आहे. त्यातील सेन्सर दर १० सेकंदांनी एक आकडा आमच्या क्लाऊड सर्व्हरला पाठवतो. कॉलेज नेटवर्कवर ही जोडणी होत नाही, मोबाईल हॉटस्पॉटवर होते (स्क्रीनशॉट सोबत).
>
> कुठून: बोर्ड, मॅक 00:00:5E:00:53:01, लॅपटॉप, मॅक 00:00:5E:00:53:02
> कुठे: 203.0.113.25, टीसीपी 8883, फक्त बाहेर जाणारी
> सोबत: यूडीपी 123, किंवा कॉलेजचा टाइम सर्व्हर
> लॉगिन पानातून सूट: फक्त बोर्डाला
> ठिकाण: सेमिनार हॉल
> तालीम: ११ मे, दुपारी ३ ते ५
> डेमो: १२ मे, सकाळी १० ते दुपारी २
>
> १२ मे रोजी दुपारी २ नंतर नियम काढून टाकावा. दोन्ही उपकरणांची जबाबदारी आमच्या गटाची राहील.
>
> गटप्रमुखाचं नाव, रोल नंबर, मोबाईल

जीव आहे तो "कुठून–कुठे" आणि शेवटच्या वेळेत. बहुतेक फायरवॉलमध्ये नियमाला वेळापत्रक जोडता येतं, त्यामुळे दोनच्या ठोक्याला नियम आपोआप मावळतो. "डेमो होईपर्यंत" असं मोघम लिहिलंत तर तो नियम विसरला जाईल ही भीती राहते, आणि सही अडते तिथेच. उपकरण कोणाचं, हे विचारण्यालाही कारण आहे: केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना लॉग १८० दिवस जपावे लागतात. उद्या चौकशी झाली तर त्या मॅकसमोर नाव लागतं.

तालमीच्या दिवशी

आधी लॅपटॉपवरून वरची ओळ चालवा. अजून `False` असेल तर नियम लागलेला नाही. सरांना वेळ आणि मॅक सांगा, ते लॉगमध्ये लगेच शोधतील. लॅपटॉपला `True` आणि बोर्डावरची पबसबक्लायंट लायब्ररी `-2`, म्हणजे जोडणी झाली नाही, असं दाखवत असेल, तर बोर्डाचं घड्याळ आधी तपासा:

```
Serial.println(time(nullptr));
```

दहा आकडी संख्या आली तर वेळ मिळाली आहे. त्याहून बरीच लहान संख्या आली तर एनटीपी अडलेला आहे. `5` दाखवलं तर बोर्ड ब्रोकरपर्यंत पोचला आहे, पण ब्रोकरने परवानगी नाकारली आहे. युजरनेम-पासवर्ड तपासा, तिथे फायरवॉलचा संबंध नाही.

घड्याळ बरोबर असूनही `-2` च येत असेल तर फायरवॉल मधे बसून टीएलएस उलगडत असण्याची शक्यता आहे. तेव्हा सर्व्हरचं प्रमाणपत्र कॉलेजचं होतं आणि बोर्ड ते नाकारतो. या एका पत्त्यासाठी ती तपासणी वगळावी अशी विनंती त्याच अर्जाच्या संदर्भाने करा. हे तालमीतच निघायला हवं, कारण डेमोच्या सकाळी सरांना गाठणं अवघड. हॉटस्पॉटसाठी मोबाईल तोवर चार्ज करून ठेवा, पण आधी हॉलमध्ये मोबाईलला रेंज येते का ते बघा.