रेकॉर्डिंगवरून एका पानाची आयडिया लिस्ट

आमच्या डबा सर्व्हिसच्या ॲपसाठी मी आणि पार्टनर तासभर बोललो, पण ट्रान्स्क्रिप्टमध्ये प्रत्येक आयडियापुढे 'हो हो, भारी'च दिसत होतं, त्यातून उत्साह काय कळणार! मग दीडपट स्पीडवर परत ऐकलं आणि प्रत्येक आयडियापुढे वेळ, कोणाची आणि समोरच्याने पुढे काय केलं एवढंच लिहिलं. 'भारी' म्हणून विषय बदलला तर उत्साह कमी, स्वतःहून भर घातली तर मध्यम, नंतर न विचारता परत तिथेच आला किंवा 'हे मी करतो' म्हणाला तर जास्त. डाएट चार्टच्या आयडियावर जाम हसलो, पण तो विषय तिथेच संपला. 'उद्या डबा नको' बटणाचा विषय मात्र पार्टनरने परत काढला, रात्री किती वाजेपर्यंत दाबता यावं तेही विचारलं, म्हणून ते सगळ्यात वर. दोघं एकदम बोलतात तिथे ट्रान्स्क्रिप्टमध्ये बोलणाऱ्याचं नाव चुकतं, ते कानानेच तपासा.