डिस्चार्ज कार्डच्या फोटोचे अरबी भाषांतर करताना आकडे कोणत्या अंकांत लिहावेत

मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत इराक, येमेन, ओमान येथून रुग्ण येतात आणि घरी परतताना त्यांचे नातेवाईक इंग्रजी डिस्चार्ज कार्डचा मोबाईलवर काढलेला फोटो भाषांतरासाठी पाठवतात. भाषांतर करणारा शब्दांवर मेहनत घेतो, पण आकडे मात्र सॉफ्टवेअर देईल तसे राहू देतो. मग एकाच पानावर काही आकडे 2, 5, 8 असे इंग्रजी अंकांत, तर काही ٢, ٥, ٨ असे अरबी अंकांत उमटतात. कोणते अंक ठेवायचे हे काम सुरू करण्यापूर्वीच ठरवावे लागते, आणि औषधाच्या मात्रेचा प्रश्न असल्याने ते नीट विचार करूनच ठरवावे लागते.

सर्वप्रथम वाचणारा कोणत्या देशाचा आहे ते विचारून घ्यावे, कारण अरबी लिहिणारे सगळेच लोक अरबी अंक वापरत नाहीत. मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियात रोजचा व्यवहार इंग्रजी अंकांतच चालतो. इराक, इजिप्त, येमेन आणि सौदी अरेबियात अरबी अंक सर्रास दिसतात. संयुक्त अरब अमिरातीत दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदतात. इराण आणि अफगाणिस्तानात तिसराच संच चालतो. तो अरबी अंकांसारखाच दिसतो, पण त्यातले चार, पाच आणि सहा वेगळ्या आकाराचे असतात. पुढे दिलेल्या ओळींत अनुक्रमे इंग्रजी, अरबी आणि फारसी अंक शून्यापासून नऊपर्यंत आहेत.

```
0123456789
٠١٢٣٤٥٦٧٨٩
۰۱۲۳۴۵۶۷۸۹
```

या ओळी जरा वेळ न्याहाळाव्यात. अरबी शून्य हा केवळ एक ठिपका आहे आणि अरबी पाच हे आपल्या शून्यासारखे गोल वर्तुळ आहे. अरबी सहा घाईत इंग्रजी सातसारखा वाटतो. मराठी १ इंग्रजी 9 म्हणून वाचला गेल्याने होणारा घोटाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. येथे तसेच घडते, फक्त परिणाम गोळीच्या मात्रेवर होतो.

समजा, एका इराकी रुग्णाच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून कृत्रिम झडप बसवली आहे आणि कार्डवर रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन ही गोळी 2.5 mg लिहिली आहे. भाषांतर करणाऱ्याने फक्त अंक बदलले आणि इंग्रजी दशांशबिंदू तसाच ठेवला, तर ٢.٥ असे उमटते. आता बिंदूही ठिपका आणि अरबी शून्यही ठिपका. एक ठिपका ओळीच्या तळाशी असतो आणि दुसरा थोडा वर, एवढाच काय तो फरक. पण कागद फोटोकॉपी होऊन किंवा पुन्हा फोटो काढून पुढे गेला की हा फरक पुसला जातो. मग तोच आकडा ٢٠٥, म्हणजे दोनशे पाच, असा वाचला जाऊ शकतो किंवा ठिपका पूर्ण उडून पंचवीस होऊ शकतो. अरबी अंकच वापरायचे असतील, तर त्यांच्यासोबत अरबी दशांशचिन्हच हवे. ते स्वल्पविरामासारखे दिसते आणि त्याचा युनिकोड क्रमांक `U+066B` आहे. ते घातल्यावर आकडा ٢٫٥ असा होतो आणि शून्याशी गोंधळ उरत नाही.

तरीही माझे मत असे आहे की वैद्यकीय कागदाच्या मुख्य भाषांतरात इंग्रजी अंकच ठेवावेत, मग वाचणारा बगदादचा असला तरी. त्या कागदावरचा जवळपास प्रत्येक आकडा दुसऱ्या कशाशी तरी ताडून पाहिला जातो: मात्रा गोळ्यांच्या स्ट्रिपवरील छपाईशी, रुग्णक्रमांक मूळ फाइलशी, पासपोर्ट क्रमांक पासपोर्टशी आणि तपासण्यांचे आकडे प्रयोगशाळेच्या अहवालाशी. `HbA1c`, `B12`, `L4-L5` यांसारख्या नावांतले अंक तर कोणत्याही परिस्थितीत बदलू नयेत, कारण तो अंक त्या नावाचाच भाग आहे. घरातली वयस्कर मंडळी स्वतः गोळ्या देणार असतील, तर त्यांच्यासाठी वेळापत्रकाचे वेगळे पान अरबी अंकांत करावे आणि त्यावर मात्रा अंकांसोबत अरबी शब्दांतही लिहावी. एकाच पानावर मात्र दोन संच मिसळू नयेत.

अंक ठरले की त्यांच्या दिशेकडे वळावे. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण आकडा स्वतः डावीकडून उजवीकडेच वाचला जातो, आणि दोन आकड्यांच्या मधले चिन्ह कोणते आहे यावर ते पडद्यावर कसे मांडले जातील हे ठरते. रक्तदाबाचा 120/80 तिरप्या रेघेमुळे अखंड राहतो. आडवी रेघ मात्र आकड्यांना वेगळे करते. आपल्या रुग्णाच्या कार्डवर आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणाऱ्या तपासणीची, अपेक्षित मर्यादा 2.5-3.5 अशी लिहिली असेल, तर अरबी वाक्यात ती डावीकडून पाहणाऱ्याला 3.5-2.5 अशी दिसते. अरबी वाचक उजवीकडून वाचत असल्याने त्याला ती बरोबरच कळते, पण तपासणारा मराठी माणूस ती चूक समजून ‘दुरुस्त’ करतो आणि खरी चूक तेव्हा होते. म्हणून मर्यादा लिहिताना आडवी रेघ टाळून ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या अर्थाचे `من` आणि `إلى` हे अरबी शब्द वापरावेत. फोन क्रमांकातले गटही मोकळ्या जागेमुळे किंवा आडव्या रेघेमुळे उलटे लागतात, आणि तो क्रमांक मग खरोखरच चुकीचा होतो. क्रमांक इंग्रजी अंकांत असेल, तर त्याच्या आधी `U+200E` हे न दिसणारे दिशाचिन्ह घालावे. वर्डमध्ये `200E` टाइप करून Alt+X दाबले की ते येते.

वर्डमधल्या आणखी एका गोष्टीने मराठी माणूस हमखास फसतो. तिथल्या `Numeral` या पर्यायात `Arabic` म्हणजे इंग्रजी अंक आणि `Hindi` म्हणजे अरबी अंक. अरब लोक स्वतःच्या अंकांना ‘हिंदी अंक’ म्हणतात, कारण ते भारतातून गेले आहेत. तेथे देवनागरीचा काही संबंध नाही. शिवाय हा पर्याय केवळ अंकांचे दिसणे बदलतो, फाइलमध्ये साठवलेला अंक तोच राहतो. त्यामुळे तुमच्या पडद्यावर अरबी दिसणारे अंक रुग्णाच्या मोबाईलवर इंग्रजी होऊन उघडू शकतात. यावर भरवसा न ठेवता अंक प्रत्यक्ष टाइप करावेत आणि फाइल पीडीएफ करून पाठवावी.

शेवटी चुकून राहिलेले अंक शोधावेत. मजकूर `VS Code`सारख्या एडिटरमध्ये घेऊन, शोधाच्या चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय चालू करून, पुढील दोन ओळी एकामागून एक शोधाव्यात. पहिली अरबी अंक पकडते, दुसरी फारसी.

```
[\u0660-\u0669]
[\u06F0-\u06F9]
```

इंग्रजी अंकांच्या पानात दोन्ही वेळा काहीही सापडता कामा नये. वेळापत्रकाच्या अरबी पानात पहिल्या शोधात सगळे आकडे यावेत आणि दुसऱ्यात एकही येऊ नये; फारसी कीबोर्डवरून आलेले शून्य, एक किंवा दोन डोळ्यांना ओळखू येत नाहीत, पण येथे सापडतात. त्यानंतर मूळ फोटो मोठा करून एकाने त्यातला प्रत्येक आकडा मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने भाषांतरातल्या त्याच आकड्यावर पेन्सिलने खूण करावी, आणि खूण न झालेला आकडा उरला तर फोटोत त्या जागी प्रकाशाचा चट्टा किंवा घडी आहे का ते पाहून नातेवाइकांकडून तेवढ्या भागाचा नवा फोटो मागवावा.