परीक्षेच्या आदल्या रात्री सुटलेलं खिडकीचं गणित

हीट ट्रान्सफरच्या पेपरच्या आदल्या रात्री साडेअकराला मी एका साध्या गणितावर अडलो होतो. खोलीत 20 अंश, बाहेर 0 अंश, मध्ये 4 मिलिमीटर जाडीची काच. एक चौरस मीटर काचेतून किती उष्णता जाईल? मी फूरिएचा नियम लावला: काचेची उष्णतावाहकता 0.8 गुणिले तापमानातला फरक 20 भागिले जाडी 0.004. उत्तर आलं 4000 वॉट.

इलेक्ट्रिकलला असलेल्या माझ्या रूममेटने वहीत डोकावून विचारलं, "अरे, एका खिडकीसाठी दोन किलोवॉटचे दोन हीटर लागतील? आणि काचेचा आतला पृष्ठभाग 20 अंशांवर आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. 20 अंश हवेचं तापमान होतं, काचेचं नव्हे.

त्याने माझ्याच वहीत तीन रेझिस्टन्स एकापुढे एक काढले. तापमानातला फरक म्हणजे व्होल्टेज, उष्णतेचा प्रवाह म्हणजे करंट. ही उपमा वर्गात मी पाठ केली होती, पण काचेला लागून असलेली हवासुद्धा एक रेझिस्टन्स आहे हे डोक्यात शिरलंच नव्हतं. काचेसाठी `R = L/(kA)`, हवेसाठी `R = 1/(hA)`; L म्हणजे जाडी, k उष्णतावाहकता, A क्षेत्रफळ, आणि h म्हणजे हवा आणि काच यांच्यात उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा. आत h = 10 आणि बाहेर 25 धरलं, की आतली हवा 0.1, काच 0.005, बाहेरची हवा 0.04. बेरीज 0.145. आता 20 भागिले 0.145, म्हणजे सुमारे 138 वॉट.

मग एकेका रेझिस्टन्सवर तापमान किती उतरतं ते मी काढलं. प्रवाह तिन्हींतून तोच, म्हणून नुसता गुणाकार: आतल्या हवेत 13.8 अंश, काचेत जेमतेम 0.7, बाहेर 5.5. म्हणजे काचेची आतली बाजू 6.2 अंशांवर! उबदार खोलीतही खिडकीची काच हाताला गार का लागते, ते मला त्या आकड्यात दिसलं. काच दुप्पट जाड केली तरी प्रवाह 133 वॉटवरच येतो, कारण अडथळा काचेत नाहीच, हवेत आहे. तेव्हापासून मी आधी सगळे R लिहितो आणि सर्वांत मोठा कोणता ते पाहतो. उत्तराचा अंदाज तिथेच येतो.

झोपण्याआधी त्याच जोशात करंट वाहणाऱ्या तारेचं गणित घेतलं आणि चुकलो. तारेच्या आत जागोजागी उष्णता तयार होते, त्यामुळे मध्यापासून पृष्ठभागाकडे जाताना प्रवाह वाढत जातो. सलग जोडणीत करंट सगळीकडे सारखा असतो, ही अटच तिथे मोडते. तापमान वेळेनुसार बदलत असेल तरीही तेच होतं, कारण काही उष्णता वाटेत साठते. तारेच्या गणितात आतलं तापमान समीकरण सोडवून काढायचं आणि रेझिस्टन्सची साखळी पृष्ठभागापासून बाहेर मांडायची, हे उमगेपर्यंत दीड वाजला होता.