साडीच्या दुकानाचे कार्ट मेल लिहिताय? या चुका टाळा, आणि मागून हाक मारू नका

कोल्हापुरात महाद्वार रोडवर साडी घ्यायला गेलात, दहा साड्या उलगडायला लावल्या, एक पसंत पडली पण किंमत जरा जड वाटली की आपण काय करतो? "बघते ओ, येते परत" म्हणत पायरी उतरतो आणि दुसऱ्या पायरीवर मागून हाक येते, "ताई, या की, सहा हजार द्या, चला." ही हाक येणार हे ठाऊक असतं म्हणूनच तर उतरतो ना आपण!

ऑनलाइन साडी दुकानवाले नेमकी हीच हाक पहिल्या मेलमध्ये मारतात. कार्टमध्ये साडी टाकून बाई पैसे न भरताच गेली की तासाभरात "१० टक्के सूट, फक्त तुमच्यासाठी". दर दुसरा नवीन क्लायंट माझ्याकडे हाच मेल आधीच लावून येतो आणि वर विचारतो, सेल वाढतोय मग प्रॉब्लेम काय.

प्रॉब्लेम सांगतो. इथल्याच एका दुकानाचं काम करत होतो, नाव नको. मालकांच्या आग्रहाने मीही पहिल्या मेलमध्ये कोड टाकला (चूक माझीच, नाही म्हणायला हवं होतं). दोन महिने सगळे खूश. मग एकदा सहज ऑर्डरी उघडून बघत बसलो तर एक बाई सापडल्या, चार साड्या घेतलेल्या, चारही वेळा संध्याकाळी कार्ट सोडलेलं आणि रात्री कोड वापरून पैसे भरलेले. पुढे बघतो तर तशा बऱ्याच जणी निघाल्या. म्हणजे पूर्ण किमतीत घेणाऱ्या गिऱ्हाईकाला आम्हीच पायरी उतरायला शिकवलं होतं. ६,८०० च्या साडीवर ६८० रुपये दरवेळी सोडत होतो, आणि तेही जी तशीही घेणार होती तिला.

तेव्हापासून माझा नियम, एका कार्टमागे तीनच मेल आणि पहिल्या दोन मेलमध्ये पैशाचा विषयच नाही. काही द्यायचंच असेल तर तिसऱ्यात, आणि तेही सूट नाही तर फॉल-पिको फुकट करून द्या. दुकानाला शंभर-दीडशेत पडतं, आणि बाईचा टेलरकडचा हेलपाटा वाचतो.

दुसरी चूक याच्याहून वाईट, कारण ती मेलमध्ये दिसतच नाही. आपल्याकडे निम्म्या बायका वेबसाइटवर साडी बघतात आणि ऑर्डर देतात व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीतर फोनवर. काउंटरवरचा पोरगा वहीत लिहितो, जीपे घेतो, पार्सल पाठवतो. वेबसाइटला त्यातलं काहीच कळत नाही, तिच्या हिशेबाने कार्ट अजून उघडंच. इचलकरंजीच्या एका काकूंचा फोन आला होता, "अहो, साडी घरी आली, फॉल लावायला टाकली, आणि तुमचं मेल म्हणतंय अजून विचार करताय का. मग माझे पैसे गेले कुणाला?" त्या खरंच घाबरल्या होत्या हो, फसवणूक झाली की काय म्हणून. त्यांना समजवायला वीस मिनिटं गेली आणि मालकांना समजवायला त्याहून जास्त.

उपाय कंटाळवाणा आहे. फोनवरची ऑर्डर आली की त्याच ईमेलने सिस्टीममध्ये चढवायची, पार्सल बांधायच्या आधी. आणि सिक्वेन्समध्ये प्रत्येक मेलच्या आधी तपासणी लावायची, ऑर्डर झाली का आणि साडी स्टॉकमध्ये आहे का. फक्त सुरुवातीला नाही, तिन्ही वेळा. हातमागाची साडी बऱ्याचदा एकच नग असते, दुसऱ्या मेलपर्यंत ती विकली गेली तर लिंक उघडून बाईला "आउट ऑफ स्टॉक" दिसणार आणि दुकान मनातून उतरणार.

लिंकवरून आठवलं, होमपेजची लिंक देऊ नका. कार्ट लॅपटॉपवर भरलेलं असतं, मेल मोबाइलवर उघडतं, तिथे कार्ट रिकामं. भरलेलं कार्ट परत उघडणारी रिकव्हरी लिंकच हवी, आणि ती दुसऱ्या फोनवरून स्वतः दाबून बघा. नावाच्या जागी "ताई" डिफॉल्ट ठेवू नका, बायकोसाठी साडी घेणारे दाजी पण असतात. रात्री दहा ते सकाळी आठ मेल बंद.

आणि "फक्त १ शिल्लक, घाई करा" हे खोटं असेल तर अजिबात नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये डार्क पॅटर्नचे १३ प्रकार सांगितलेत, त्यात खोटी घाई आहे आणि "नको, मला सुंदर दिसायचं नाही" छापाची लाज वाटायला लावणारी बटणंही आहेत. पण कायदा सोडा ओ, कोल्हापूरची बाई आठ दिवसांनी तीच साडी साइटवर तशीच बघते आणि भिशीत सगळ्यांना सांगते.

मग लिहायचं काय? दुकानदार "ठेवतो बाजूला, घरी विचारून या" म्हणतो ना, तो आवाज धरा. साडी एकटी कोणी ठरवत नाही, फोटो आधी बहिणीला जातो, मग जावेला. म्हणून पंधरा मिनिटांत मेल टाकणाऱ्यांचं मला नवल वाटतं, तिकडून बहिणीचा रिप्लाय तरी येऊ दे की!

समजा हिरवी इरकल आहे, लाल पदराची. पहिला मेल तीन-चार तासांनी. विषय: "हिरवी इरकल तुमच्या कार्टमध्ये ठेवलीय". आत साडीचा एक फोटो, लिंक, आणि हे वाक्य: "पेमेंट करताना अडकलं असेल तर याच मेलला उत्तर द्या, आम्ही बघतो." हे वाक्य नवशिके कायम गाळतात. यूपीआय मध्येच लटकलं की बाई धास्तावलेली असते, तिला आठवण नको असते, माणूस हवा असतो.

दुसरा मेल दुसऱ्या दिवशी. विषय: "इरकलचा खरा रंग, दुकानाच्या दारात काढलेला". इथे शंका मिटवायच्या. स्टुडिओतला नाही तर उन्हात काढलेला फोटो, सहावारी की नऊवारी, ब्लाउजपीस आहे का आणि किती, कापड सुती की रेशमी, पहिल्या धुण्यात रंग सुटतो का, नाही आवडली तर परत कशी करायची. रंग सुटत असेल तर तसं लिहा, "वेगळी धुवा" म्हणा. हा मेल सगळ्यात मोठा झाला तरी चालतो, मी यालाच सगळ्यात जास्त वेळ देतो.

तिसरा चौथ्या दिवशी, आणि सगळ्यात छोटा. इथे जोर वाढवायचा म्हणजे आवाज नाही, माहिती वाढवायची. मी साधारण असं लिहितो: "हिरवी इरकल अजून आहे. या साडीबद्दल हा आमचा शेवटचा मेल. घ्यायची असेल तर फॉल-पिको आमच्याकडून, नसेल तर काही हरकत नाही. फोनवर बोलायचं असेल तर दुकान अकरा ते आठ उघडं असतं." एकच नग असेल आणि ते खरं असेल, तर "एकच नग आहे" एवढं साधं वाक्य, लाल अक्षरं नाहीत, उलटं घड्याळ नाही.

त्यानंतर चौथा मेल नाही. मालक म्हणतात अजून एक टाकून बघूया, तर मी त्यांना शेवटचा म्हणून पाठवलेला मेल वाचून दाखवतो.