भाडं थकलंय आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचंय? पुराव्याची फाईल बनवताना या चुका टाळा

हे सगळं महाराष्ट्रातल्या लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या राहत्या फ्लॅटबद्दल आहे, म्हणजे ज्याला आपण अकरा महिन्यांचा करार म्हणतो तो. दुकानाचा गाळा किंवा जुनी पागडी असेल तर रस्ता वेगळा, त्याबद्दल इथे काही नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण फाईलचा सगळा आकार त्यावर ठरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकारी, म्हणजे घराचा ताबा परत मागणारा मालकाचा अर्ज ऐकणारा अधिकारी, मुख्य एकच गोष्ट बघतो, की लायसन्सची मुदत संपली का आणि माणूस अजून आत बसलाय का. मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही तर करारातल्या फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते, ती घर ताब्यात येईपर्यंत. मुदतीच्या आतली थकबाकी हा वेगळा हिशेब, कलम 24 त्याच्याबद्दल काही बोलत नाही, त्यासाठी दिवाणी किंवा लघुवाद न्यायालयात वेगळा दावा लावावा लागू शकतो आणि त्याला मुदत तीन वर्षांची. बहुतेक मालक हे दोन्ही एकत्र कालवून एकच आकडा लिहितात, "एकूण बाकी अमुक लाख", त्यात लाईट बिल, रंगकाम, फुटलेलं बेसिन सगळं. मग समोरचा वकील त्यातला एक आकडा चुकीचा दाखवतो आणि बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही उडतो.

पहिली चूक: कागद गोळा करायला सुरुवात, तक्ता नंतर

उलटं करा. आधी एका पानावर तक्ता, मग तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला एक कागद. एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. करार 1 फेब्रुवारी 2025 ते 31 डिसेंबर 2025, फी महिना 18,000, डिपॉझिट 60,000. ऑगस्टपर्यंत सगळं वेळेवर आलं. सप्टेंबरला 10,000 यूपीआयने आले, बाकी 8,000. ऑक्टोबरला काहीच नाही, बाकी 26,000. नोव्हेंबरला 8,000 रोख दिले, बाकी 36,000. डिसेंबर कोरडा, बाकी 54,000. ही झाली मुदतीच्या आतली थकबाकी, इथे रेघ मारा. 1 जानेवारी 2026 पासून माणूस घरातच आहे, तर तिथून दुसरा तक्ता चालू करा, महिना 36,000 प्रमाणे. दोन्ही तक्त्यांची बेरीज एकत्र करू नका, लाईट बिल तर अजिबात आत घालू नका, ते तिसऱ्या पानावर.

आता यातला नोव्हेंबरचा 8,000 बघा. मालकाने वहीत लिहिलं "सप्टेंबरची बाकी मिळाली", भाडेकरू म्हणतो "मी नोव्हेंबरचं भाडं देत होतो". पावतीवर महिना लिहिलेला नसेल तर हा वाद तुम्ही स्वतःच तयार करून ठेवलेला असतो. रोख घेतलंत तर पावतीवर तारीख, रक्कम, कुठल्या महिन्यापोटी, आणि उरलेली बाकी, एवढं लिहून दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घ्या. 5,000 च्या वर रक्कम असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावायचं. आणि जुन्या पावत्या आता बसून, मागच्या तारखा टाकून, एकाच पेनाने लिहून काढू नका, अशा पावत्या पकडल्या जातात आणि खऱ्या पावत्याही संशयात येतात. पावती नसेल तर नसेल, त्या दिवशीचा "8 हजार मिळाले" असा साधा मेसेज असला तरी चालेल, तोच लावा.

डिपॉझिटचा घोळ

बाकी 54,000 आणि डिपॉझिट 60,000, म्हणजे भाडेकरू सरळ म्हणणार की माझ्याकडे काही थकलेलंच नाही, उलट मालकच मला 6,000 देणं लागतो. याचं उत्तर करारात असतं. बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं की डिपॉझिट घर रिकामं करून दिल्यावर परत मिळेल आणि मासिक फीमध्ये वळतं करता येणार नाही. ते कलम शोधा, त्या पानाला खूण लावा. पण मग स्वतःचे मेसेजही वाचा, कारण ऑक्टोबरमध्ये वैतागून तुम्हीच लिहिलेलं असतं "ठीक आहे, डिपॉझिटमधून कापून घेतो". तो मेसेज तुमच्याच फाईलमधून तुमच्याविरुद्ध जातो. तसाच "अजून एक महिना राहा, बघू", हा मुदत वाढवून दिल्याचा पुरावा म्हणून दाखवतात. असा मेसेज गेलेला असेल तर डिलीट करू नका, तो त्याच्या फोनमध्ये आहेच, वकिलाला आधी दाखवा म्हणजे अर्जातच त्याचा खुलासा घालता येतो. "पाणी बंद करीन, लाईट तोडीन" असलं तर लिहूच नका आणि करूही नका, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 प्रमाणे अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई आहे आणि मग तक्रारदार तो आणि तुम्ही उत्तर देणारे, असं होऊन बसतं.

मुदत संपल्यावर आलेले पैसे

ही चूक फार महाग पडते. समजा 5 जानेवारीला त्याने 18,000 पाठवले, नोटमध्ये "जानेवारी रेंट". तुम्ही नुसता थम्स-अप पाठवून मोकळे झालात. आता त्याचं म्हणणं, मालकाने भाडं स्वीकारलं म्हणजे करार पुढे चालू. त्याच दिवशी उत्तर द्या: "31 डिसेंबरला लायसन्स संपलेलं आहे, ही रक्कम भाडं म्हणून नाही, 1 जानेवारीपासूनच्या नुकसानभरपाईपोटी, माझे हक्क राखून जमा करत आहे." आणि दुसऱ्या तक्त्यात ती रक्कम जमा दाखवा, लपवू नका.

स्क्रीनशॉटचा ढीग

खूप स्क्रीनशॉट, अर्धे कापलेले, वर नाव "टेनंट 302", तारीख दिसत नाही, मधला मेसेज गायब. असं वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. चॅट उघडून Export chat करा, अख्खं संभाषण तारीख-वेळेसकट फाईलमध्ये येतं, मग त्यातले कामाचे चार-सहा मेसेज निवडून त्यांचे पूर्ण स्क्रीनशॉट द्या, आणि एका स्क्रीनशॉटमध्ये त्याचा नंबर दिसू द्या, नुसतं सेव्ह केलेलं नाव नको. तो नंबर त्याचाच हे करारावरून किंवा पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरू माहितीवरून जुळवा. Disappearing messages चालू असेल तर आजच बंद करा. फोन विकू नका, बदलायचाच असेल तरी जुना जपून ठेवा.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, आणि त्याच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डसोबत प्रमाणपत्र द्यायचं असतं, जुन्या पुरावा कायद्यातल्या 65 बीच्या जागी. त्याचे दोन भाग आहेत, भाग अ ज्याच्या ताब्यात तो फोन आहे त्याने भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा लांबलचक ओळख-नंबर, लिहायची असते. विंडोजवर अशी निघते:

```
certutil -hashfile chat.txt SHA256
```

इथे लोक फसतात ते असं, की हॅश काढून झाल्यावर फाईल उघडून एखादी ओळ रंगवतात, स्पेलिंग सुधारतात, सेव्ह करतात. एक स्पेस बदलली तरी नंबर पूर्ण वेगळा येतो. परत एक्स्पोर्ट केलं तरी मधले नवे मेसेज आत येणार, म्हणजे नंबर बदलणारच. म्हणून ती मूळ फाईल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा आणि खुणा, पिवळ्या रेघा सगळं कॉपीवर करा.

पैशांसाठी यूपीआयचा स्क्रीनशॉट पुरेसा धरू नका, बँकेचं शिक्का-सहीचं स्टेटमेंट घ्या, करार सुरू झाल्यापासून ते आजपर्यंतचं सलग. सलग का, तर न आलेले पैसे स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाहीत, ते फक्त सलग स्टेटमेंटमध्येच दिसतात, ऑक्टोबर पूर्ण वाचला आणि त्याची एंट्री नाही. कधी पैसे त्याच्या भावाच्या किंवा बायकोच्या खात्यातून आलेले असतात, तिथे तक्त्यात तसं लिहा आणि "भावाच्या नंबरवरून पाठवले" हा त्याचा मेसेज जोडा.

फोटो

फोटोने भाडं थकल्याचं सिद्ध होत नाही, फोटोचं काम एवढंच की माणूस अजून आत राहतोय. दारावरची पाटी, बाहेरचा मीटर आणि त्याचं रीडिंग, चिकटवलेली नोटीस, बस. आत शिरून सामानाचे फोटो काढू नका, त्यातून उलटी तक्रार होते. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून वकिलाला पाठवला की तो दाबला जातो आणि आतली वेळ-ठिकाणाची माहिती उडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या.

नोटिशीचं पाकीट

नोटीस स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, करारातल्या पत्त्यावर आणि त्याच्या कायमच्या गावच्या पत्त्यावरही. पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट लगेच काढा, कारण ट्रॅकिंग कायम दिसत नाही. "घेण्यास नकार" किंवा "अनक्लेम्ड" शेरा येऊन पाकीट परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीट, त्यावरचा पोस्टाचा शेरा आणि बरोबर पत्ता, हाच पुरावा आहे, जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 27 प्रमाणे बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पोचल्याचं धरता येतं. फोडलंत तर आत काय होतं यावर वाद सुरू.

सगळ्यात वर काय

नोंदणी झालेला करार आणि इंडेक्स टू. कलम 24 च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की लेखी लायसन्स करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा. आणि त्याच कायद्याचं कलम 55 म्हणतं नोंदणी करायची जबाबदारी मालकाची, नोंदणीचा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जाईल, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. तसा कागद असेल तर बाकीची फाईल जास्तच घट्ट हवी, फी किती आणि मुदत कधीपर्यंत हे त्याच्याच मेसेजमधून आणि दर महिन्याच्या सारख्या रकमेवरून दाखवावं लागेल.

हे सगळं पहिल्याच दिवशी तयार का हवं, तर कलम 43 प्रमाणे समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत भाडेकरूला प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते. ती द्यायची की नाही हे समोरच्या कागदांवरून ठरतं. तुमच्या कागदांत फट सापडली, मुदत वाढवून दिल्यासारखा मेसेज सापडला, की त्याला परवानगी मिळू शकते आणि प्रकरण लांबतं. म्हणून जमा करायच्या आधी फाईल अशा कोणाला तरी वाचायला द्या ज्याला तुमचं प्रकरण माहीत नाही, आणि विचारा, ऑक्टोबरला किती आले आणि हे कुठल्या पानावर दिसतं. त्याला पान सापडलं नाही तर पेज नंबर आणि क्रम परत लावा.